प्रिंटरला न दिसणारं वायफाय

ओळखीतल्या एका झेरॉक्सवाल्यानं दुकानात फायबरचं कनेक्शन घेतलं. जोडणी करणाऱ्या मुलानं राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू ठेवला. स्पीड मस्त मिळू लागला, पण त्या दिवसापासून वायफाय प्रिंटर मुका झाला. दुकानदारानं प्रिंटर रीसेट केला, ड्रायव्हर पुन्हा टाकला, पासवर्डही बदलून पाहिला. खरं तर प्रकरण पासवर्डपर्यंत पोचलंच नव्हतं. प्रिंटरच्या स्क्रीनवरच्या यादीत आजूबाजूच्या दुकानांची वायफाय दिसत होती, फक्त त्याचं स्वतःचं नाव नव्हतं.

ही खूण महत्त्वाची. पासवर्ड चुकला तर नाव दिसतं आणि जोडणी नाकारली जाते. इथे नावच गायब. घरगुती वापराच्या बऱ्याच स्वस्त प्रिंटरमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी रेडिओ चिप असते. मध्यम लहरींच्या रेडिओवर एफएम लागत नाही, तशी तिला ५ गिगाहर्ट्झची लहर ऐकूच येत नाही. हा हार्डवेअरचा प्रश्न असल्यामुळे सॉफ्टवेअर अपडेट करूनही ही चिप ५ गिगाहर्ट्झ पकडणार नाही.

खात्री करायला मोबाइल पुरतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. तिथे २.४ ठेवून प्रिंटरची यादी पुन्हा काढायची. हॉटस्पॉटचं नाव दिसलं आणि ५ वर नेताच गेलं, की निदान पक्कं. दुकानात नेमकं हेच झालं.

उपाय राउटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा, बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`. नक्की पत्ता राउटरखालच्या चिकटपट्टीवर असतो. वायरलेस सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ चालू करून त्याला निराळं नाव द्यायचं, म्हणजे प्रिंटर कुठे जोडतोय हे कळतं. सुरक्षा फक्त `WPA3` असेल तर जुना प्रिंटर तिथेही अडेल, म्हणून `WPA2` ठेवावी.

मग लॅपटॉपही हळू चालणाऱ्या पट्ट्यावर आणायचा का? नाही. दोन्ही पट्टे एकाच राउटरचे, एकाच नेटवर्कचे. लॅपटॉप ५ वर, प्रिंटर २.४ वर, तरी छपाई होते. अपवाद गेस्ट नेटवर्कचा: त्यावरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत. शिवाय एका पानाची फाइल बहुधा काही एमबीचीच असते, तिला २.४ चा वेग भरपूर होतो. उलट भिंतींआड ही लहर जास्त चांगली पोचते.

काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ग्राहकाला हे सेटिंग बदलताच येत नाही. तेव्हा कस्टमर केअरला फोन करून ‘२.४ चालू करा’ एवढंच सांगावं. तेही जमेना, तर यूएसबी केबल आहेच. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर ‘ड्युअल बँड’ लिहिलंय का, ते पाहून घ्यावं.