पत्ते कागदाचे घ्यावेत की प्लास्टिकचे?

पावसाळ्यात रमीचा डाव रंगात आलेला असताना पत्ते एकमेकांना चिकटू लागतात आणि वाटताना एकाऐवजी दोन पत्ते सुटतात. दोष वाटणाऱ्याच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा कागदाचा असतो.

चांगला कागदी पत्ता दोन कागद चिकटवून तयार होतो. त्यांच्यामधील गडद रंगाच्या खळीमुळे उजेडात पत्ता आरपार दिसत नाही. वरून पातळ संरक्षक लेप असतो. मात्र कापलेल्या कडेवर तो नसतो आणि ओलावा तेथूनच आत शिरतो. एका पत्त्याची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर धरली, तर ५२ पत्त्यांची चळत १५.६ मिलिमीटर होते. प्रत्येक पत्ता अवघा ०.०२ मिलिमीटर फुगला, तरी चळत एक मिलिमीटरहून अधिक वाढते आणि कॅट आपल्याच डबीत मावेनासा होतो.

पृष्ठभागही तितकाच महत्त्वाचा. कापडाच्या विणीसारखे बारीक खळगे असलेल्या पत्त्यांमध्ये हवा राहते, त्यामुळे ते सहज सरकतात. अगदी गुळगुळीत पत्ते घामाने चिकटतात. ताठपणा मात्र जाडीच्या तुलनेत फार वेगाने वाढतो. पदार्थ तोच ठेवून जाडी १० टक्के वाढवली, तर ताठपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच जाड पत्ते टिकाऊ वाटले, तरी पिसताना बोटांना जड जातात.

प्लास्टिकचे पत्ते पाणी शोषत नाहीत, ओल्या फडक्याने पुसता येतात आणि वाकवून सोडल्यास पुन्हा सरळ होतात. परंतु नवे असताना ते निसरडे असतात. टेबलावर चादर अंथरल्यास चळत घसरत नाही. उष्णतेने ते वाकडे होतात, म्हणून उन्हात तापणाऱ्या मोटारीत ठेवू नयेत. नखाने पडलेली घडी त्यांच्यावरही कायम राहते.

खरेदी करताना एक फसगत टाळावी. ‘प्लास्टिक कोटेड’ म्हणजे लेप दिलेला कागदच होय. शंका असल्यास जादा जोकर फाडून पाहावा. तंतू आणि मधली काळसर रेघ दिसली, तर तो कागद आहे.

पत्ते बदलण्याची वेळ ओळखण्यासाठी कॅट पालथा पसरून पाहावा. कोपरा झिजल्यामुळे एखादा पत्ता पाठीवरूनच ओळखू येत असेल, तर डाव निष्पक्ष राहत नाही. हरवलेल्या पत्त्याच्या जागी दुसऱ्या कॅटमधील पत्ता घातला, तरी हाच दोष उरतो.

रोज खेळणाऱ्यांनी, विशेषतः दमट हवेत, प्लास्टिकचे पत्ते घ्यावेत. अधिक किंमत टिकाऊपणात वसूल होते. सुटीत चार दिवस खेळणाऱ्यांना, किंवा पत्ते पिसताना कागदाची पकडच हवी असणाऱ्यांना, खळगेदार पृष्ठभागाचा कागदी कॅट पुरेसा आहे.