इंद्रवज्रेत धैर्याला जागा कुठे?

वृत्तांच्या वर्गात धैर्यावर श्लोक लिहायला सांगितला, की बहुतेक जण विचारापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या-चौथ्या अक्षराला अडतात. त्यांचा विचार चांगलाच असतो. अडचण असते ती धैर्याच्या शब्दांना इंद्रवज्रेत जागा कुठे आहे, हे आधी न पाहिल्याची.

इंद्रवज्रेच्या चरणात 11 अक्षरं असतात आणि त्यांची चाल ठरलेली असते: गा गा ल, गा गा ल, ल गा ल, गा गा. इथे गा म्हणजे गुरू आणि ल म्हणजे लघु. गणांच्या भाषेत त, त, ज आणि शेवटी दोन गुरू. ही ओळ मोठ्याने म्हणून पाहा. पहिली पाच अक्षरं संथ जातात, सहावं आणि सातवं झरझर निघतं, मग चाल पुन्हा स्थिरावते. दोन लघु शेजारी येण्याची ही चरणातली एकच जागा. सगळी गंमत इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

आता शब्द घेऊ. धाडस, साहस, हिंमत हे तिन्ही गा ल ल असे आहेत. गुरूमागून दोन लघु हा क्रम चरणात पाचव्या ते सातव्या अक्षरांवरच येतो. म्हणून ‘ज्याच्याकडे साहस तोच राजा’ ही ओळ बरोबर बसते आणि साहसच्या जागी धाडस किंवा हिंमत घातलं तरी मोडत नाही. पण यांतला कुठलाही शब्द आरंभी घ्यायचा हट्ट धरला, तर ओळ तिथेच पडते. ‘पराक्रम’ म्हणजे ल गा ल ल. तो या वृत्तात कुठेच मावत नाही. ‘पराक्रमी’ मात्र सातव्या अक्षरापासून सुरू करता येतो, पुढे ‘तो’सारखं एक गुरू अक्षर जोडलं की चरण पुरा. ‘धैर्य’ आणि ‘धीर’ हे गा ल असल्याने सर्वांत सोयीचे. त्यांना तीन जागा मिळतात.

हे ध्यानात ठेवून वर्गासाठी रचलेला हा श्लोक पाहा:

वारा सुटे घोर, बुडे किनारा
नौका हले सोडुनि सर्व थारा
भीती जरी दाटत आत आहे
तो धीर नावाडि उभाच राहे

पहिली ओळ अक्षर अक्षर सुटी करू: वा रा सु, टे घो र, बु डे कि, ना रा. गा गा ल, गा गा ल, ल गा ल, गा गा. दुसऱ्या ओळीत ‘सर्व’मधला स ऱ्हस्व असला तरी पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तो गुरू. तिसऱ्या ओळीत मराठी कान फसतो. बोलताना आपण ‘दाटत्’ म्हणतो, शेवटचा अ गिळतो. वृत्तात मात्र दा, ट, त अशी तीन पुरी अक्षरं मोजायची. चौथ्या ओळीतला ‘नावाडि’ ऱ्हस्व करून घेतला आहे, कारण सहावं अक्षर लघुच हवं. अशी सूट मराठी कवी घेत आले आहेत, पण ती एका श्लोकात एखाद-दुसरीच शोभते.

जोडाक्षराच्या नियमाला मराठीत अपवादही आहे. ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ यांत पहिल्या अक्षरावर आघात पडत नाही, म्हणून ते लघुच राहतं. संस्कृतचा नियम डोळे मिटून लावणारे इथे चुकतात. शंका आली तर शब्द नेहमीसारखा उच्चारून पाहावा.

वर्गात हमखास येणारी ओळ अशी: ‘हाती सुकाणू घट्ट धरून राहे’. वाचायला ठसकेदार आहे, पण मोजली की 12 अक्षरं भरतात आणि सहावं ‘घ’ पुढच्या ‘ट्ट’मुळे गुरू होतं. ‘घट्ट’ काढून ‘हाती सुकाणू धरुनीच राहे’ केलं की ओळ वृत्तात येते, आणि ‘च’मुळे पकडीचा घट्टपणाही उरतो.

एक चूक मात्र कानाला कळत नाही. ‘धरी सुकाणू नि उभाच राहे’ ही ओळ सुरेख म्हणता येते, अक्षरंही 11 आहेत. पण पहिलं ‘ध’ लघु आहे, म्हणून ही उपेंद्रवज्रा झाली. दोन्ही वृत्तांचे चरण एका श्लोकात मिसळले तर त्याला उपजाती म्हणतात आणि संस्कृत काव्यात ती भरपूर आढळते. तेव्हा शिक्षकांनी उपजातीची मुभा दिली असेल तर अशी ओळ खुशाल ठेवा; शुद्ध इंद्रवज्रा मागितली असेल, तर पहिलं अक्षर बदलल्याशिवाय वही देऊ नका.