भाकरीच्या जागी कोण?

सोलापूरची माझी भाची सप्टेंबरअखेर जर्मनीतल्या ग्योटिंगेनला शिकायला गेली, तेव्हा तिच्या बॅगेत शेंगाचटणी, काळा मसाला आणि लाटणं होतं. तुपाचा डबा मात्र आदल्या रात्री बाहेर काढावा लागला, कारण युरोपीय संघात भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. जानेवारीतल्या एका रविवारी तिने आई-बाबांना मोबाइलवर लांबलचक मेसेज पाठवला. ताईने तो मला वाचून दाखवला. मी आहारशास्त्र शिकवते. या मुलीने जे शोधून काढलं, ते परदेशी निघालेल्या इतर मुलांनाही कळावं, म्हणून तिला विचारून तो मेसेज इथे देते आहे. मध्ये मध्ये त्यामागची कारणं सांगेन.

‘आई, बाबा, तुम्ही “जेवलीस का?” विचारायचात आणि मी “हो” म्हणायचे. पण पहिले दोन महिने ते जेवण नव्हतंच. सकाळी पांढरा टोस्ट आणि जॅम, रात्री नूडल्स. अकरा वाजले की लायब्ररीत पोटात खड्डा पडायचा. चपात्या केल्या, तर तव्यावरून उतरून दहा मिनिटं होत नाहीत तोच त्या वातड व्हायच्या. मग एकदा वहीत आपल्या घरचं ताट काढलं आणि प्रत्येक पदार्थापुढे लिहिलं, हा माझ्यासाठी काय काम करतो? तेव्हापासून मी दुकानात पदार्थांची नावं शोधत नाही, ती कामं करणारं काय मिळतं ते बघते.’

चपात्या बिघडल्या त्या पिठामुळे. जर्मनीत गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, ते हा आकडा सांगतो. राख म्हणजे क्षार, आणि क्षार असतात मुख्यतः कोंड्याजवळ. म्हणजे आकडा जितका लहान, तितका कोंडा कमी. तिने आणलेलं ४०५ हे जवळजवळ आपल्या मैद्यासारखं होतं. आपल्या चक्कीत दळताना पिठातला स्टार्चही बराच फुटतो, त्यामुळे ती कणीक जास्त पाणी पिते आणि चपाती मऊ राहते. आता ती १०५० क्रमांकाचं पीठ आणि सबंध गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घेते, थोडं सैल मळते आणि अर्धा तास झाकून ठेवते. चपाती घरच्यासारखी होत नाही, पण डब्यात नेता येते. तीही ती फक्त शनिवार-रविवारी करते. रोजचं काम दुसऱ्याच कुणीतरी उचललं आहे.

‘भाकरीचं काम इथे राय नावाच्या धान्याचा ब्रेड करतो. (आई, ही आपली फोडणीची राई नव्हे.) काळपट, जड, जरासा आंबट. पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना. पण त्याचे दोन काप खाल्ले की दुपारपर्यंत भूक लागत नाही, अगदी ज्वारीच्या भाकरीसारखं.’

हे साम्य वरवरचं नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून आपण गरम पाणी घालून पिठातला स्टार्च चिकट करतो आणि त्यावर भाकरी थापतो. रायमध्ये ग्लूटेन असतं, पण गव्हासारखी त्याची ताणली जाणारी जाळी होत नाही. शिवाय त्यातली विकरं भट्टीत स्टार्च फोडतात आणि ब्रेड आतून गिच्च होतो. पीठ आंबवलं की त्या आम्लाने विकरांना आळा बसतो. तो आंबटपणा या गरजेतून आलेला आहे. सबंध धान्याचा असा ब्रेड सावकाश पचतो. मात्र रंगावर जाऊ नये. माल्ट घालूनही ब्रेड काळा करता येतो. नावात ‘फोलकोर्न’ हा शब्द हवा, म्हणजे त्यातलं किमान ९० टक्के धान्य कोंड्यासकट असतं. आणि ज्यांना ग्लूटेन चालत नाही, त्यांना ज्वारी चालते तशी राय चालत नाही.

‘बाबा, रात्री थंड खाते म्हणून रागावू नका. इथली रीतच तशी आहे. दुपारी गरम, पोटभर जेवायचं आणि संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी, मुळा. त्याला म्हणतातच “आबेन्डब्रोट”, संध्याकाळचा ब्रेड. मी रात्री थकून स्वयंपाक करायचे आणि अर्धवट खायचे. आता दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, गरम शाकाहारी ताट घेते आणि रात्री ब्रेडवर क्वार्क लावून त्यावर शेंगाचटणी भुरभुरते.’

क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा भाऊ. दूध विरजून, पाणी काढून टाकून केलेला. त्यातल्या बिनसायीच्या प्रकाराच्या २५० ग्रॅमच्या डब्यात सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं असतात. चक्क्यापेक्षा तो पातळ असतो. रात्रभर फडक्यात टांगला तर साखर आणि वेलदोडा घालून श्रीखंडही होतं. कडक शाकाहारी घरांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. चीज आणि क्वार्क करताना रेनेट वापरतात. ते कधी वासराच्या जठरातलं असतं, कधी सूक्ष्मजीवांपासून केलेलं, आणि कोणतं वापरलं हे वेष्टनावर लिहिलेलंच असेल असं नाही. पानासारखं चिन्ह असलेलं शाकाहारी लेबल पाहून घेणं हा सोपा मार्ग.

एक काम मात्र ताटातून भागत नाही. ग्योटिंगेन सोलापूरपेक्षा खूप उत्तरेला आहे. तिथे ऑक्टोबर ते मार्च ऊन इतकं तिरपं पडतं, की त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. दूध-दह्यातून ती कसर भरून निघत नाही. तिने डॉक्टरांना विचारून गोळी सुरू केली, हे योग्यच केलं.

‘आता आमटी. साध्या दुकानात तूरडाळ मिळत नाही, पण मसूर दोन्ही तऱ्हेचा मिळतो. लाल म्हणजे आपली मसूरडाळ, आणि तपकिरी, चपटा म्हणजे सालासकट अख्खा मसूर. इथे त्याचं गाजर-बटाटा घातलेलं दाट सूप करतात. खानावळीत त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं, म्हणून मी विचारूनच घेते. शेजारच्या खोलीतल्या मुलीने मला ते बिनमांसाचं करून दाखवलं. गॅस बंद केल्यावर तिने त्यात दोन चमचे व्हिनेगर घातलं. मी विचारलं, आधी का नाही? ती म्हणाली, माझी आजी म्हणते आधी घातलं तर मसूर शिजत नाही. आई, मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. आता मी त्यातच काळा मसाला आणि लसणाची फोडणी घालते. हीच माझी आमटी.’

ती आजी बरोबर सांगते. कडधान्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने जोडलेल्या असतात. शिजताना ते विरघळतं आणि दाणा मऊ होतो. आंबट पाण्यात ते नीट विरघळत नाही, आणि तासभर उकळूनही दाणा टचटचीत राहतो.

ताईने मेसेज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि उत्तर टाइप करायला घेतलं. मी डोकावून पाहिलं. तिने लिहिलं होतं, ‘चिंच आपणही डाळ शिजल्यावरच घालतो. त्या आजीला माझा नमस्कार सांग. चटणी आणखी पाठवते.’