मळलेल्या फिल्टरचा हिशेब

इमारतीत थंड हवा खेळवणारं यंत्र, म्हणजे एअर हँडलर, कारखान्यात बनायला घेण्याआधी कंत्राटदार त्याची दोन कागदपत्रं सल्लागाराकडे पाठवतो. शॉप ड्रॉइंगवर मापं असतात, डेटा शीटवर कामगिरीचे आकडे. सोबत 'कम्प्लाइड, कम्प्लाइड' असं ओळीनं लिहिलेला तक्ताही येतो. तो मी बाजूला ठेवते. स्पेसिफिकेशन एका हाताला, ड्रॉइंग दुसऱ्या हाताला, मध्ये कॅल्क्युलेटर, अशी माझी बैठक असते.

एका रुग्णालयाच्या वॉर्डसाठीचं यंत्र उदाहरणाला घेऊ. मिनिटाला १२,००० घनफूट हवा हवी आहे. कॉइलवरून हवेचा वेग मिनिटाला ५०० फुटांपेक्षा जास्त नको, असं स्पेसिफिकेशन सांगतं. डेटा शीटवर वेग आहे ४९८. वाचून पुढे जाता येईल, पण ड्रॉइंगवर कॉइलचं माप ३९ इंच गुणिले ७८ इंच दिलंय. म्हणजे सुमारे २१ चौरस फूट. १२,००० ला २१.१ नं भागलं की वेग येतो ५६८! ४९८ साठी २४ चौरस फूट लागतात. बहुधा कुणीतरी पंखांच्या क्षेत्राऐवजी पेटीचं आतलं माप धरलं असावं. वेग एवढा वाढला की कॉइलवर साचलेले पाण्याचे थेंब हवेबरोबर उडतात, पुढचा भाग आणि डक्ट ओले होतात आणि रुग्णालयात तिथे बुरशी धरते. पावसाळ्यात, हवा दमट असताना, हे हमखास दिसतं. डेटा शीट एकटी वाचली असती तर हा दोष सापडलाच नसता.

पण सगळ्यात जास्त वेळ मी पंख्याच्या दाबावर घालवते. हा दाब पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. यंत्राबाहेरच्या डक्टसाठी ४० मिमी हवा, असं स्पेसिफिकेशन म्हणतं. यंत्राच्या आतला अडथळा त्याच्यावर वेगळा धरायचा. डेटा शीटवर एकूण ७२ आहे. बाहेरचे ४०, कॉइलचे १४, पेटीचे ३ आणि दोन फिल्टरांचे ५ व १०. बेरीज बरोबर आहे, चूक त्या ५ आणि १० मध्ये आहे. हे नव्या, कोऱ्या फिल्टरचे आकडे. स्पेसिफिकेशनमध्ये बदलण्याच्या वेळचा, म्हणजे मळलेल्या फिल्टरचा दाब धरायला सांगितलाय, १२ आणि २५. तो धरला की एकूण ९४ मिमी होतात.

बावीस मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण मोटरवर त्यांचा भार पडतो. पंख्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ७२ मिमीला साधारण ६.२ किलोवॅट लागतात, ९४ मिमीला ८ किलोवॅट. कंत्राटदारानं दिलीय ७.५ किलोवॅटची मोटर. पहिल्या महिन्यात सगळं छान चालेल, तपासणीच्या दिवशीही हवा पूर्ण मिळेल. फिल्टर मळू लागले की हवा कमी होत जाईल, आणि ती पूर्ववत करण्यासाठी पंख्याचा वेग वाढवला की मोटर तापून ट्रिप होईल. वॉर्ड गरम का, म्हणून तक्रार येईल तेव्हा दोष चिलरला दिला जाईल.

तोच दाब पुढे पाण्याच्या निचऱ्यातही येतो. पंखा कॉइलच्या पुढे असून मागून हवा ओढतो, त्यामुळे कॉइलखालच्या ड्रेन पॅनमध्ये ऋण दाब असतो. परतीच्या डक्टचे १० मिमी धरले तर १०, ३७ आणि १४ मिळून ६१ मिमी. ट्रॅपमधलं पाणी हा ओढा सोसेल इतकं खोल नसेल तर पाइपातून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि पॅनमधलं पाणी खाली जाण्याऐवजी साचून जमिनीवर सांडतं. पॅनच्या तोंडापासून ट्रॅपच्या निर्गमापर्यंत ६१ अधिक २५, म्हणजे ८६ मिमी उतार हवा, त्याखाली निम्मं, ४३ मिमी पाणी, आणि पाइपाची जाडी. मिळून दीडशेच्या पुढे. ड्रॉइंगवर यंत्राचा पाया १०० मिमीचा आहे. इथे नवख्या तपासनीसाची नजर हटकून चुकते, कारण ट्रॅप ड्रॉइंगवर काढलेलाच नसतो.

शेरा लिहिताना 'दाब तपासा' असं लिहून चालत नाही. कलम क्रमांक, त्यांचा आकडा, माझा आकडा आणि काय करायचं, हे चार मुद्दे हवेत: "अमुक कलम. फिल्टरचा दाब ३७ मिमी धरा, पंखा ९४ मिमीला पुन्हा निवडा, पंख्याचा वक्र आणि मोटरची निवड नव्यानं पाठवा." कॉइलसाठी क्षेत्रफळाचं गणित जोडते, कारण भाषेवर वाद घालता येतो, भागाकारावर नाही. मोठ्या कॉइलमुळे पेटी रुंद होणार, म्हणून प्लांट रूममध्ये कॉइल बाहेर काढायला जागा उरते का, तेही त्याच शेऱ्यात विचारते. तीन शेरे झाले की शिक्का पडतो 'सुधारून पुन्हा सादर करा' असा. ट्रॅपच्या शेऱ्याची एक प्रत बांधकामाच्या कंत्राटदारालाही जाते, कारण यंत्राखालचा ओटा किमान ८० मिमी उंच व्हायला हवा, आणि तो ओतण्याचं काम त्याचं.