शब्द गेला तर एक चूक, वेलांटी गेली तर अर्धी

स्टेनोच्या एका क्लासमध्ये उतारा तपासताना सरांच्या हातात दोन पेनं असतात. लाल पेन पूर्ण चुकीचं, हिरवं अर्ध्या चुकीचं. मुलं कर्मचारी निवड आयोगाच्या 'ड' श्रेणीची तयारी करतात. मिनिटाला 80 शब्दांच्या वेगानं सर दहा मिनिटं हिंदी उतारा वाचतात, म्हणजे 800 शब्द. मग वहीतल्या लघुलिपीवरून तो संगणकावर उतरवायला 65 मिनिटं.

टंकलेखनाचा हिशेब वेगळा. दहा मिनिटांत 1900 वेळा कळ दाबली, तर पाच ठोक्यांचा एक शब्द धरून 380 शब्द होतात, ढोबळ वेग 38. त्यात 20 चुका असतील आणि चुकीमागे एक शब्द वजा केला, तर निव्वळ वेग 36 उरतो. पूर्वीच्या टंकलेखन स्पर्धांमध्ये चुकीमागे दहा शब्द कापत. त्या नियमानं हाच उमेदवार 18 वर आपटतो! हात तेच, चुका त्याच.

स्टेनोला मात्र वेग वाचणाराच ठरवतो, म्हणून तिथं फक्त चुकांची टक्केवारी निघते. शब्द गाळला, जास्तीचा घातला किंवा भलताच लिहिला, की पूर्ण चूक. शुद्धलेखन किंवा एकवचन-अनेकवचन चुकलं, की अर्धी.

एका मुलीचा कागद पाहण्यासारखा होता. पूर्ण चुका 18. त्यांतल्या 11 एकाच ठिकाणी, कारण वाचन पुढे गेलं आणि अख्खं उपवाक्य वहीत आलंच नाही. 'मूल'च्या जागी 'माल' झालं होतं, तेही लाल. पिटमन पद्धतीत घाईनं लिहिताना स्वर गाळतात, नुसता म-ल उरतो. नंतर संदर्भानं ओळखावं लागतं.

हिरव्या खुणा 24. त्यांतल्या 14 निव्वळ मराठीपणाच्या: 'स्थिती', 'प्रगती', 'नीती'. मराठीत हे शब्द दीर्घ, हिंदीत 'स्थिति', 'प्रगति', 'नीति'. मराठी मुलांची बोटं इथं सवयीनं घसरतात.

बेरीज अशी: 18 अधिक 24 चे निम्मे 12, एकूण 30. भागिले 800, म्हणजे 3.75 टक्के.

या मोजणीला अर्थ कळत नाही, हे मान्य करायला हवं. 'नहीं' गळून आदेश उलटा झाला तरी एकच चूक, आणि 'भी' गळला तरी एकच. कचेरीत पहिलीनं गोंधळ उडेल, दुसरी कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण अर्थ जोखायला बसलं, तर दोन तपासनिसांचे गुण जुळणार नाहीत. म्हणून नियम आंधळा ठेवलेला बरा.

सरांनी त्या मुलीला वेग वाढवायला सांगितलं नाही. आधी ह्रस्व इकारान्त हिंदी शब्दांची यादी घोटायला दिली. त्या 14 वेलांट्या सुधारल्या, तर तिची टक्केवारी 2.88 वर येते.