दोन बिजागऱ्यांची अन्वस्ताकार कमान : आडवा रेटा व तापमानवाढ

दोन बिजागऱ्यांच्या कमानीतील आडवा रेटा H केवळ समतोलाच्या समीकरणांवरून मिळत नाही. आधार सरकत नसल्याने विकृती-ऊर्जेचा H सापेक्ष अवकलज शून्य असतो. निरूढी परिबल I = I₀ sec θ धरून व केवळ नमनाची ऊर्जा घेऊन, माथ्यावरील भार W साठी H = 25WL/128h येते. तापमान T ने वाढले की गाळा αTL ने रुंदावू पाहतो. अवकलज तेवढा होऊन जादा रेटा 15EI₀αT/8h² मिळतो. त्यात L उरत नाही. कमान मात्र जितकी ताठर, तितका हा रेटा अधिक.

L = ४० मी., h = ८ मी., W = १०० किलोन्यूटन, EI₀ = ८ लाख किलोन्यूटन-मी.², α = ०.००००१२ प्रति °से. असता ३०° से. वाढीने रेटा ९७.७ वरून १०६.१ किलोन्यूटन होतो. माथ्यावरील नमन परिबल मात्र २१८.८ वरून १५१.३ किलोन्यूटन-मीटरपर्यंत उतरते. माथ्याला खरा धोका थंडीचा: तेवढ्याच घटीने ते २८६.३ होते.