पंप पाणी का सोडतो?

उन्हाळा लागला की बऱ्याच गटांकडून आम्हाला एकच तक्रार ऐकू येते. मोटार फिरते, आवाज येतो, पण पाणी येत नाही. मग रात्रीची लाईट आली की बादल्या ओतून पंप भरायचा, आणि तासाभरात त्याने पुन्हा पाणी सोडायचं. कुणी म्हणतं मोटार लहान पडते, कुणी म्हणतं फुटबॉल बदला. पैसे खर्च करण्याआधी एक दोरी घेऊन विहिरीवर जा, असं आम्ही सांगू. का, ते ऐका.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि तोच पाणी पाइपातून वर ढकलतो. पंपातला पंखा आतलं पाणी बाहेर फेकतो, मागे जागा मोकळी होते, तिथे हे पाणी चढतं. पंपात पाण्याऐवजी हवा असली तर पंखा कितीही जोरात फिरला तरी उपयोग नाही, कारण हवा पाण्यापेक्षा जवळजवळ ८०० पट हलकी. ती फेकून मागे ओढ तयार होत नाही. म्हणून सुरू करण्याआधी पंप आणि खालचा पाइप पाण्याने काठोकाठ भरावा लागतो.

आता हवेच्या दाबालाही मर्यादा आहे. समुद्रकाठी तो पाण्याला जास्तीत जास्त ३४ फूट चढवू शकतो, घाटावर दोनेक फूट कमीच. त्यातला काही दाब पाइपातल्या घासणीत जातो आणि काही पंपाच्या तोंडाशी शिल्लक राहावा लागतो. त्यामुळे पंपापासून पाण्यापर्यंतचं अंतर २० फुटांच्या आत ठेवलेलं बरं. त्यापुढे पाणी बारीक होतं, आणि पंपात वाळू गेल्यासारखा खडखड आवाज येऊ लागतो. तीनऐवजी पाचची मोटार बसवली तरी ही मर्यादा हलत नाही. हवेचा दाब मोटारीच्या हातात नाही.

एक हिशेब करून पाहू. विहीर ४५ फूट खोल, पंप काठावर. दिवाळीत पाणी १२ फुटांवर होतं, काही त्रास नव्हता. चैत्रात सकाळी दोरी सोडली तर पाणी २१ फुटांवर. पंप कसाबसा चालू झाला. पण उपसा सुरू असताना झरे तेवढं पाणी देत नाहीत, आणि तासाभराने तीच दोरी २६ फूट दाखवते. इथे पंपाने पाणी सोडलं. म्हणून अंतर मोटार बंद असताना मोजू नका, सुटायच्या वेळेला मोजा. या विहिरीत नवा फुटबॉल घालून काहीच होणार नाही. कारागिराकडून १२ फुटांवर भक्कम ओटा किंवा लोखंडी चौकट करून पंप खाली घ्यायचा. मग ओढायचं अंतर उरतं १४ फूट. वरचे १२ फूट पाणी ढकलायचं आहे, ते मोटारीचं काम, ती ते करते. पावसाळ्याआधी मात्र पंप पुन्हा वर घ्यायला विसरू नका, नाहीतर मोटार बुडेल.

अंतर कमी असूनही पाणी सुटत असेल, तर गळती शोधायची. मेन स्विच बंद करा, पंप तोंडापर्यंत भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. पाणी खाली गेलं आणि वर कुठे थेंब दिसला नाही, तर खालचा फुटबॉल गळतोय. बहुतेक वेळा त्याच्या झडपेत काडी किंवा खडा अडकलेला असतो, नाहीतर आतलं चामडं झिजलेलं असतं. शेणकाला ओतून गळती बुजवायची जुनी युक्ती एक-दोन पाळ्या निभावते, पण तो शेवटी पंपातच येतो.

पाणी जागच्या जागी राहिलं आणि पंप चालू असताना मात्र सुटलं, तर विहिरीकडच्या पाइपात हवा शिरते आहे. ही चोरटी गळती असते. चालू पंपात त्या पाइपातून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. पंप चालू असताना प्रत्येक जोडावर साबणाचा दाट फेस लावा, मोटारीपासून हात आणि पाणी लांब ठेवून. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे भोक. ग्लँडची दोरी सुकलेली असली तरी तिथून हवा जाते. चालू पंपाच्या ग्लँडमधून अधूनमधून थेंब पडायलाच हवा. तो थांबावा म्हणून नट आवळत बसलात, तर दोरी जळते आणि दांडा झिजतो.

आणि फुटबॉल पाण्यात निदान दोन फूट बुडालेला आहे ना, तेही बघा. तो उथळ असला की पाण्यावर भोवरा दिसतो, आणि त्या भोवऱ्यातून हवा सरळ पाइपात जाते.